टाक्याचा मजकूर

प्रॉम्प्ट हा वाङ्मयप्रकार माझ्यासारख्या सिद्धहस्त गद्यलेखकाच्या प्रतीक्षेत ताटकळत उभा होता, अशी माझी ठाम धारणा असल्याने, आमच्या शॉमबर्गातल्या शिवणदुकानाच्या ताईंनी “काका, तुम्ही मंडळाच्या अंकात लिहिता, मग आमच्या इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचा प्रॉम्प्टही तुम्हीच लिहून द्या ना” अशी गळ घातली, तेव्हा त्यांच्या रसिकतेबद्दल मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. वाटले ते एवढेच की, हे त्यांना इतक्या उशिरा कसे सुचले. मागणी साधी होती. आठ सेकंदांची उभी चित्रफीत, तीत शिवणयंत्राची सुई अगदी जवळून दिसावी आणि कापड छान हलावे.

मी सादर केलेला मसुदा एकाच वाक्याचा होता. त्यात सुई अविश्रांत तपश्चर्या करीत होती, पैठणी गोदावरीच्या प्रवाहासारखी वाहत होती आणि यंत्राच्या चाकातून कालचक्राचा घोष उमटत होता. सूनबाईंनी तो इंग्रजीत उतरवून संगणकाच्या हवाली केला आणि संगणकाने हुकमाची तामिली इतक्या इमानाने केली की, चित्रफितीत खरोखरच एक नदी अवतरली. तिच्या पाण्याला जरीची किनार होती आणि काठावरच्या शिवणयंत्रापाशी एक जटाधारी पुरुष डोळे मिटून बसला होता. उपमान आणि उपमेय यांतला भेद या कारकुनाला ठाऊक नाही. मजकुरात जे नाम येईल, ते तो पडद्यावर आणून उभे करतो.

अलंकार उतरवून घेतलेला दुसरा मसुदा मला विधवेच्या कपाळासारखा वाटला, परंतु त्यातून निघालेली चित्रफीत सूनबाईंना फार आवडली. मंद प्रकाश, चकाकती सुई, तिच्याखालून सळसळत जाणारे जांभळे रेशीम. ताईंनी ती एकदाच पाहिली आणि म्हणाल्या, “काका, ही सुई शिवतच नाहीये.”

येथे टाका म्हणजे काय, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. ज्या वाचकांना तो प्रकार मुखोद्गत आहे, त्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. मी मात्र लिहिणार. हाताच्या सुईचे नेढे बोथट टोकाला असते. यंत्राच्या सुईचे अणकुचीदार टोकापाशी असते, आणि 1846 साली एलायस हाऊ या अमेरिकी कारागिराने ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचे मर्म अशाच सुईत आणि खालून येणाऱ्या दुसऱ्या दोऱ्यात होते. आज घरोघरी दिसणाऱ्या यंत्रात सुई कापडातून खाली उतरते आणि तळ गाठून केसभर वर येते. त्या केसभर माघारीने दोरा सैल पडून त्याचा बारीक फासा होतो. खाली फिरणारा आकडा तो फासा अचूक पकडतो, बॉबिनभोवती फिरवून आणतो, आणि वरची दांडी दोरा ओढून गाठ कापडाच्या पोटात बसवते. मग, सुई कापडाबाहेर असतानाच, खालचे दाते वर येऊन कापड एक पाऊल पुढे ढकलतात. सुई आत असताना कापड हलले तर सुई वाकते किंवा मोडते. या सगळ्यात इतका शिष्टाचार आहे की, मी तासभर पाहत राहू शकतो, आणि ताईंच्या दुकानात पाहत बसलोही आहे, गिऱ्हाइकांची अडचण करून.

ही नजर आली की, संगणकाचे बिंग फुटते. आमच्या चित्रफितीत सुई रुतलेली असतानाही कापड सुखाने वाहत होते. टीप प्रेसर फूटच्या मागे उमटायची ती पुढे, म्हणजे अजून न शिवलेल्या जागी, आधीच हजर होती. कापड शिवणारीपासून दूर जायचे ते तिच्या मांडीकडे येत होते. आणि दोरा नेढ्यात न शिरता वाटेतच अंतर्धान पावत होता.

या चुकांचे एक कारण तरी मला गणिताने पटले. यंत्र मिनिटाला 720 टाके घालत असेल तर सेकंदाला 12 टाके होतात, आणि चित्रफितीत सेकंदाला 24 चित्रे असतील तर एका टाक्याच्या वाट्याला अवघी दोन येतात. मग जो संगणकरूपी विद्यार्थी असल्या फिती पाहून शिकला, त्याने फासा कधी पाहावा? म्हणून वेग कमी मागायचा: चाक हाताने फिरते आहे, सेकंदाला एकच टाका. पण टाका अडीच मिलिमीटरचा धरला, तर आठ सेकंदांत कापड सरकते दोन सेंटिमीटर. म्हणजे शिवले जाणारे कापड आणि सळसळणारे कापड हे एका चौकटीत नांदणारे जोडपे नव्हे. त्यांची फारकत करून दोन स्वतंत्र प्रॉम्प्ट लिहावे लागतात, आणि प्रत्येकात एकच हालचाल ठेवावी लागते.

पदराचा मसुदा अखेरीस असा ठरला: “उभी चौकट. कॅमेरा स्थिर. पैठणीचा पदर लाकडी दांडीवर टांगलेला. कापड जाड व जड, फक्त खालची कड डावीकडून उजवीकडे सावकाश हलते. ताणा हिरवा, बाणा जांभळा; घडी वळते तसा रंग बदलतो. प्रकाश डावीकडच्या खिडकीतून. माणूस नाही, अक्षरे नाहीत.” ‘रेशीम’ एवढेच लिहिले, तर संगणक चकचकीत साटीन उडवतो, कापडाचे वजन सांगितले की, पदर पदरासारखा वागतो. या मजकुरात एकही विशेषण शोभेचे नाही, आणि तरीही माझी शैली त्यात लपत नाही, असे माझे मत आहे. सूनबाईंचे मत मी विचारलेले नाही.

सुईचा मात्र मेळ बसेना. ताईंच्या यंत्राचे छायाचित्र पहिली चौकट म्हणून दिले, तेव्हा यंत्र त्यांचेच आले. पण त्यावर हात आले ते कोणा विशीतल्या मुलीचे, नितळ, नखांना रंग लावलेले. ताई हसल्या नाहीत. “ही बोटं कोणाची?” एवढेच त्यांनी विचारले. त्यांच्या तर्जनीच्या नखाखाली एक जुना काळपट ठिपका आहे. सुई तिथून आरपार गेली होती. ज्या बाया आईच्या शालूतून मुलीचा लेहेंगा बेतून घ्यायला येतात, किंवा अंगाला तंग झालेल्या ब्लाउजची आतली माया उसवून द्या म्हणतात, त्या ते कापड याच बोटांवर विसंबून सोपवतात. जो टाका कोणी घातलाच नाही तो दुकानाच्या नावावर खपवणे, मग तो कितीही देखणा असो, मला लबाडीचा दस्तऐवज वाटला, आणि त्याचा लेखक मीच व्हावे याचा मनस्वी राग आला.

तेव्हा तोड अशी निघाली की, पदर संगणकाचा ठेवायचा, खाली तशी नोंद द्यायची, आणि सुई ताईंची. दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात फोन यंत्राला टेकवला. ताईंनी चाक हाताने सावकाश फिरवले. फासा पडला, पकडला गेला नि टाका बसला. त्या चित्रीकरणासाठी प्रॉम्प्ट लागला नाही, ही गोष्ट मी मंडळाच्या अंकात छापू नये, असे मला वाटते.

जाहिरात पाहून लोक येऊ लागले आहेत; बहुतेक जण जीन्सची उंची कमी करायला येतात. शॉमबर्ग परिसरातल्या वाचक भगिनींना विनंती एवढीच की, गणपतीचे ब्लाउज निदान महिनाभर आधी टाकावेत, आणि मापाचा जुना ब्लाउज सोबत न्यावा.