कवटी दिसली म्हणून दचकू नकोस

अगं, काल रात्री तू पाठवलेला स्क्रीनशॉट नीट वाचला. तुझ्या लेकाच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवरचा तो मेसेज असा: ‘व्हायवा संपला 💀💀 एक्स्टर्नलने सगळे प्रश्न पाचव्या युनिटवर विचारले 😭😭 वर म्हणाले, छान, चालू ठेव 🙂 आणि हा म्हणतो अभ्यासच नाही केला 🧢 आमची 🪦’. तू खाली विचारलंस, ‘मुलं मरणाच्या गोष्टी का करतायत?’ करत नाहीयेत. उत्तर इथेच देते, कारण असाच प्रश्न घराघरांत पडलेला असणार.

आधी कवटी. मुलांच्या लेखी 💀 म्हणजे ‘हसून हसून मेलो’, नाहीतर ‘माझी पार वाट लागली’. आपण हसू आलं की 😂 टाकतो. 2015 साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून याच चिन्हाची निवड केली होती. नंतर ते आईबाबांच्या ग्रुपवर दिसू लागलं आणि मुलांनी सोडून दिलं. त्यांच्या हसण्याची जागा कवटीने आणि ढसाढसा रडणाऱ्या 😭 ने घेतली. त्यामुळे इथलं 😭 हे रडणं नाही, स्वतःच्या फजितीवरचं हसणं आहे. शेवटची समाधीही त्याच ओळीतली: व्हायवात आमचा निकाल लागला, एवढाच तिचा अर्थ.

🧢 म्हणजे ‘थापा मारतोय’. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘कॅप’ म्हणजे खोटं बोलणं. रॅप गाण्यांतून ते जगभर गेलं आणि आपल्या हॉस्टेलांतही पोचलं. म्हणजे ‘अभ्यास नाही केला’ म्हणणाऱ्या मित्राला ग्रुपने भर चौकात खोटं पाडलंय.

आता 🙂. सगळ्या मेसेजमध्ये खरी बोच कुठे असेल तर ती इथे आहे. आपण हे चिन्ह आपुलकीने टाकतो. मुलं ते दात-ओठ खाऊन टाकतात. परीक्षकांचं ‘छान’ मुलाला टोमण्यासारखं लागलंय, हे त्या शांत चेहऱ्यातून दिसतं. लेकाला पोटभर जेवून घ्यायला सांगणाऱ्या तुझ्या मेसेजच्या शेवटीही हाच चेहरा असतो. तो त्याला कसा वाटत असेल, याचाही विचार कर.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. मेसेजमधून चित्र जात नाही, त्या चिन्हाचा ठरलेला क्रमांक जातो आणि चित्र ज्याचा त्याचा फोन काढतो. 2016 साली अ‍ॅपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली. गुगल, सॅमसंग वगैरेंनी 2018 मध्ये तोच बदल केला. मधल्या काळात एकाने गंमत म्हणून पाठवलेली पिचकारी दुसऱ्याच्या फोनवर खरं पिस्तूल होऊन उतरत होती. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये दिसतं ते तो काढणाऱ्याच्या फोनवरचं रूप. पाठवणाऱ्याने नेमकं तेच पाहिलं असेल असं नाही.

मग खरं दुखणं ओळखायचं कसं? चिन्हावरून नाही, आजूबाजूच्या मेसेजांवरून. इथे वर परीक्षेचं वेळापत्रक आहे, खाली इतरांच्याही कवट्या आहेत आणि ‘चहाला कोण येतंय’ असं कुणीतरी विचारलंय. सगळा ग्रुप एकाच सुरात हसतोय. काळजी कधी करायची? एरवी ग्रुपवर बडबडणारा मुलगा अचानक गप्प झाला, निरोपासारखं लिहू लागला, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ असं म्हणाला, आवडीच्या वस्तू वाटू लागला, तर. मग शेजारी हसरं चिन्ह असलं तरी ते थट्टेवारी नेऊ नकोस. त्याच क्षणी फोन कर आणि सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नकोस. ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो.

एक मात्र तुला स्पष्ट सांगते. हा स्क्रीनशॉट तुझ्याकडे चौथ्या पालकाकडून आला. वरचे-खालचे मेसेज कापून त्यातला तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास, तर मुलं ग्रुप बदलतील आणि तुझ्याशी बोलणंही आवरतं घेतील. तेव्हा तो आधी पुसून टाक, कुणाला पाठवला असशील त्यांनाही पुसायला सांग. आणि आज संध्याकाळी लेकाला फोन करून एवढंच विचार, ‘व्हायवा कसा गेला रे?’