विषय : माझे नाव (कृपया सर्वांनी वाचावे)

आमच्या अंबडच्या कारखान्यात जर्मन भागीदार आला आणि त्याच्या मागोमाग मनुष्यबळ विभागाचे फर्मान आले. लांब नावाच्या कर्मचाऱ्यांनी नव्या सहकाऱ्यांना मेल पाठवून नावाचा उच्चार समजावून सांगावा आणि ‘सोयीचे छोटे नाव’ कळवावे. लांब नाव कोणते, हे संगणकाने ठरवले. मी पाठवलेला मेल वाचकांसाठी मराठीत देतो.

प्रिय सहकाऱ्यांनो,

माझे नाव ज्ञानेश्वर. आमच्या लिपीत ते चार अक्षरांत मावते. तुमच्यासाठी Dnyaneshwar असे लिहिले की अकरा होतात, म्हणजे लांबी तुमच्याकडची आहे, पण ते असो. वडिलांचे नाव त्र्यंबक. त्याच्या वाटेला जाऊ नका. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर त्या नावाचे गाव आहे आणि तिथल्या पाट्यांवर इंग्रजीत Trimbak लिहून आम्हीच हात टेकले आहेत. आडनाव सोपे आहे, त्यामुळे ते कोणी विचारत नाही.

शेवटाकडून सुरुवात करू. ‘श्वर’ तुम्हा जर्मनांना येतो. ‘श्वार्त्स’ म्हणता तोच श्व. ‘ने’ लांब म्हणा. राहिला ज्ञ. जिभेचे टोक वरच्या दातांमागे ‘द’साठी टेकवा आणि तिथेच ठेवा. हवा तोंडाऐवजी नाकातून सोडा, ‘न’ झाला. आता ‘या’वर घसरा. मध्ये ‘दिन्या’ किंवा ‘दन्या’ ऐकू आले तर जीभ मधेच उचलली गेली असे समजा. तरी जमत नसेल तर इंग्रजी ‘किडनी’ म्हणा, तिला पुढे ‘आ’ जोडा, घाईघाईने म्हणा आणि सुरुवातीचा ‘कि’ गिळून टाका. उरतो तो माझ्या नावातला ज्ञा. (फक्त सुरुवातीचा ‘कि’ गिळायचा आहे. काल एका सहकाऱ्याने बैठकीत उरलेले सगळे गिळले.)

दिल्ली कार्यालयातले लोक ‘ग्यानेश्वर’ म्हणतात. त्यांना मी सुधारत नाही. आषाढी वारीत आमचेच वारकरी ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणत पंढरपूरपर्यंत चालतात, तेव्हा व्याकरणाचा दंडुका घेऊन रस्त्यात कोण उभा राहणार? शिवाय दिल्लीत याच ज्ञचे इंग्रजी स्पेलिंग J ने होते. आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांना 1987 चा ज्ञानपीठ मिळाला तो Jnanpith म्हणून.

आता छोटे नाव. इथे खरी अडचण आहे. तुमच्याकडे नाव कापताना शेपूट जाते आणि डोके राहते. माझ्या नावाची सगळी अवघड हाडे डोक्यातच आहेत. ज्ञाना, ज्ञानू, ज्ञानोबा, कसेही कापा, ज्ञ शाबूत. उलट डोके उडवले तर ‘ईश्वर’ उरतो, आणि ती पदोन्नती माझ्या साहेबांना रुचणार नाही. आपल्या जुन्या यंत्रणेत आठच अक्षरांची सोय असल्यामुळे मी तिथे dnyanesh झालो आहे. ज्ञानेश हे स्वतंत्र नाव आहे आणि हिशेब विभागात त्या नावाचे गृहस्थ आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या रजा माझ्या खात्यातून गेल्या. ‘डॅन’ आणि ‘डीजे’ या सूचना आल्या आहेत. पहिली मला कळली नाही. दुसरी गणपतीत विचारात घेऊ.

आमच्या भागात अशा वेळी नाव कापत नाहीत, बदलून टाकतात. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी भारतीय सिनेमा सुरू केला. त्यांना कोणी ‘धुंडी’ केले नाही. ते दादासाहेब झाले आणि केंद्र सरकारने पुरस्कारही त्याच नावाने ठेवला. कुसुमाग्रजांचे पाळण्यातले नाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन शिरवाडकर, लिहिताना धाकट्या बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज. एवढी नावे हाताशी असताना नाशिककर त्यांना तात्यासाहेबच म्हणत.

सबब, ज्यांना ज्ञ जमेल त्यांनी ज्ञानेश्वर म्हणावे. बाकीच्यांनी ‘दादा’. दोन्ही अक्षरे एकच आहेत आणि जीभ तिथल्या तिथे राहते. नुसते ‘साहेब’ म्हणू नये, त्या नावावर वरिष्ठांचा हक्क आहे.

आपला,
ज्ञानेश्वर (दादा)

दुपारपर्यंत म्युनिकहून उत्तर आले : ‘प्रिय दादा, फार सोपे झाले.’ चारच्या सुमारास मनुष्यबळ विभागाचा मेल आला. अंबडच्या कार्यालयातून ‘दादा’ हेच छोटे नाव आणखी पाच जणांनी कळवले आहे. त्यात हिशेबातले ज्ञानेशही आहेत. तरी सर्व दादांनी आपापली वेगळी ओळख पटेल असे पूर्ण नाव, उच्चारासह, उद्या सकाळी दहाच्या आत कळवावे.