कुलाबा ते बोरिवली, बांदा ते पेडणे

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय म्हणजे सरकारला ठाऊक असलेला तिचा पत्ता. तिथे धंदा चाललाच पाहिजे असे नाही. आलेली नोटीस कोणीतरी घेतली, की कायद्याचे समाधान होते.

हा पत्ता कुलाब्याहून बोरिवलीला न्यायचा तर लोकलमध्ये तासभर लोंबकळावे लागते, पण शहर एकच असल्याने संचालक मंडळाचा साधा ठराव पुरतो. पुढच्या 30 दिवसांत INC-22 भरायचा. सोबत भाडेकरार, जागामालकाचे ना हरकत पत्र, दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि कार्यालयाचे आतून-बाहेरून काढलेले फोटो. आतल्या फोटोत एखादा संचालक दिसावा लागतो. खुर्ची रिकामी चालत नाही. मुदत हुकली तर दिवसाला 1,000 रुपये दंड, कमाल 1 लाख.

मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरले, की शहराची हद्द संपते आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. कंपनीत नवरा-बायको दोघेच भागधारक असले तरी सभेची रीतसर नोटीस निघते, इतिवृत्त लिहिले जाते आणि MGT-14 दाखल होतो.

खरी वरात निघते ती बांद्याहून पेडण्याला जाताना. अंतर दुचाकीचे, पण मध्ये राज्याची सीमा. कंपनीच्या घटनापत्रात राज्याचे नाव लिहिलेले असते. ते बदलायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. ती देण्याचा अधिकार प्रादेशिक संचालकांकडे आहे. विशेष ठरावानंतर त्यांच्याकडे INC-23 अर्ज करायचा. त्याआधीच्या 30 दिवसांत जिल्ह्यातल्या मराठी दैनिकात आणि एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, प्रत्येक धनकोला पोचपावतीच्या टपालाने कळवायचे आणि राज्याच्या मुख्य सचिवांनाही अर्जाची प्रत धाडायची. तीन टेबलांच्या कंपनीच्या प्रस्थानाची वर्दी अशी थेट मंत्रालयात पोहोचते. स्थलांतरामुळे एकाही कर्मचाऱ्याला काढणार नाही, असे प्रतिज्ञापत्रही संचालक देतात.

घोडे बहुधा धनकोंच्या यादीवर अडते. ती अर्जाच्या तारखेपूर्वी एक महिन्याहून जुनी असून चालत नाही. सनदी लेखापाल मार्चअखेरची तयार यादी मे महिन्यात जोडून देतात आणि अर्ज त्रुटीसह परत येतो. कंपनीवर चौकशी किंवा खटला चालू असेल तर मात्र प्रस्थानच नामंजूर; गाशा गुंडाळून सीमेपार जाण्याची युक्ती कायद्याने आधीच ओळखली आहे.

जाहिरातीनंतर 14 दिवसांत हरकत आली नाही, तर सुनावणीशिवाय आदेश निघू शकतो. हरकत आली तर सुनावणी होते आणि देणे फेडल्याचा, त्याची हमी दिल्याचा किंवा धनकोची संमती असल्याचा पुरावा मागितला जातो. आदेशाची प्रत 30 दिवसांत INC-28 सोबत निबंधकाकडे जाते. नव्या राज्याचा निबंधक नवे प्रमाणपत्र देतो, कंपनीच्या ओळख क्रमांकातले MH जाऊन GA येते आणि जुनी लेटरहेडे रद्दीत जातात.