मधली ओळ कुणाची?

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ऐन दिवाळीत सीमावाद पेटला. एकीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या दुसरीच्या तोरणावर लोळू लागल्या. व्हरांडा सामाईक, म्हणजे कागदोपत्री दोघींचा आणि भांडणापुरता एकेकीचा.

“वहिनी, तुमच्या त्या शेपट्या आवरा की!”

“तोरण तुमचंच लांबलंय, काकू!”

अखेर पोरींनी तह सुचवला: दोन्ही दारांमध्ये एकच रांगोळी, पंधरा ते आठ. मधल्या ओळीत 15 ठिपके, मग दोन्हीकडे एकेक कमी करत 8 पर्यंत. वाटणी चोख, प्रत्येकीला 77. पण एकूण ठिपके 169! मधले 15 कुणाचे, यावर पुन्हा अर्धा तास गेला.

गुळगुळीत फरशीवर रांगोळी ठरेना, म्हणून आधी गेरूचा हात फिरवला. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद काकूंचा, रांगोळी वहिनींची. ठिपके आडमोडे, एक ओळ सरकली की पुढची नक्षी जुळतच नाही. त्यामुळे अबोला परवडेना. “जरा डावीकडं घ्या,” एवढ्यावर बोलणी सुरू झाली. मधली ओळ दोघींनी दोन टोकांकडून ओढली.

संध्याकाळी फराळाची ताटं इकडून तिकडे गेली. चकली कडक झाल्याचा विषय दोघींनीही पाडव्यानंतर काढायचं ठरवलं.