दावा जिंकलात? आता दरखास्त लढा

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली दरभंगा राजच्या एका खटल्यात नोंदवून ठेवले की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांत साम्राज्य गेले, कौन्सिल गेले, पण हे निरीक्षण आम्ही जिवापाड जपले. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार देशात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या जवळपास ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे या शर्यतीत आपला पहिला नंबर. याचे खापर कोर्टाच्या आळसावर फोडणे सोपे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे: दिरंगाई हा देणेकऱ्याचा हिशेबी धंदा आहे आणि त्याचे भांडवल धनकोच पुरवतो.

समजा, मलकापुरातल्या एका दुकानदाराने बंगला बांधणाऱ्या गृहस्थाला सिमेंट-सळई उधार दिली आणि कराडच्या दिवाणी न्यायालयात ५ लाखांचा हुकूमनामा मिळवला. पेढे वाटून झाल्यावर त्याला कळते की हुकूमनाम्याचा कागद स्वतःहून काही वसूल करत नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते. दुकानदार ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकत दोन वर्षे थांबला, तर देणेकऱ्याला आधी कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. मग जंगम मालाच्या जप्तीचे वॉरंट निघते. बेलीफ आगाशिवनगरात पोचतो तेव्हा दाराला कुलूप, आणि कायदा सांगतो की जंगम जप्तीसाठी सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरायचे नाही. गृहस्थ नेमके दिवेलागणीनंतर घरी येतात. एकदा दार उघडे सापडलेच, तर भांडीकुंडी, अंथरूण आणि मंगळसूत्र जप्तीतून वगळलेले; टीव्ही शेजाऱ्याचा, फ्रीज मेहुण्याचा, मोटारसायकल भाच्याच्या नावावर. वॉरंट शेरा घेऊन परत येते आणि पुढची तारीख पडते.

उरते स्थावर. जप्तीचा हुकूम झाला की दवंडी पिटतात आणि मिळकतीवर व कोर्टाच्या फलकावर नक्कल डकवतात. त्या दवंडीने गृहस्थांच्या पत्नीला, भावाला आणि कधी न दिसलेल्या चुलत्याला एकदम आठवते की बंगल्यात आपलाही हिस्सा आहे. त्यांचे हरकतीचे अर्ज दरखास्तीतच चालवावे लागतात आणि निकालावर अपीलही होते. ते संपले की लिलावाचा जाहीरनामा, आणि लिलाव झाल्यावर तो रद्द करून मागायला ६० दिवस. एवढ्यात देणेकऱ्याचे काय बिघडते? व्यवहार व्यापारी नसेल तर हुकूमनाम्यानंतरचे व्याज ६ टक्क्यांच्या वर जात नाही. ५ लाखांवर वर्षाला ३० हजार! इतके स्वस्त कर्ज, तेही हप्त्याविना, कुठली पतसंस्था देईल?

कोणी म्हणेल, न्यायाधीश कमी, बेलीफ कमी, त्याला दुकानदार काय करणार? माणसे कमी आहेत हे खरेच. पण ‘घर बंद’ असा शेरा दहा बेलिफांनी मारला तरी रक्कम तीच राहते. खरा प्रश्न असा की जप्त काय करायचे, हे सांगायची जबाबदारी धनकोवर आहे आणि मालमत्तेची माहिती मात्र देणेकऱ्याच्या खिशात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घाई केली तर गरीब भरडला जाईल. म्हणूनच शेतकऱ्याची अवजारे आणि कारागिराची हत्यारे कायद्याने सोडली आहेत. ऐपत नसलेल्याला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये स्पष्ट केले. हे संरक्षण हवेच. पण बंगल्याच्या गच्चीवर उभे राहून ‘मी कफल्लक’ म्हणणाऱ्यासाठी ते नाही. खऱ्या हिस्सेदाराची हरकत ऐकलीच पाहिजे. मुद्दाम उशिरा आणलेली हरकत न ऐकण्याची मुभाही हरकतीच्या नियमातच आहे.

माहितीची चावीही कायद्यातच पडली आहे. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस फेडला नाही, तर देणेकऱ्याकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागता येते. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मिळकत विकायची गडबड दिसली, तर दावा चालू असतानाच जप्ती मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. दावा दाखल करण्याआधीच सातबारा, मिळकत पत्रिका आणि घरपट्टीचा उतारा काढून फायलीत लावा. पेढे मात्र रक्कम खात्यात जमा झाल्यावरच आणा.