आठ हजारांची दुरुस्ती

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहतो, म्हणजे बायकोला सरकारी क्वार्टर मिळालंय आणि त्यात मीही मावतो. झाशीच्या राणीच्या नावाच्या वस्तीत राहिलं की माणसाला कधी ना कधी तलवार उपसावीशी वाटतेच. मी ईमेल उपसला.

झालं असं की, मी घरबसल्या भाषांतरं करतो. डिसेंबर २०२४ मध्ये एका कंपनीला ८०,००० रुपयांचं बिल पाठवलं. बिल देखणं होतं, वर नाव ठळक, खाली सही वळणदार, आणि पॅन नंबर कुठेच नाही. कंपनीनं पैसे पाठवले ते ६४,०००. पॅन नसला की २० टक्के कापायचे असा तेव्हा कलम २०६एएचा दंडक होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की व्यावसायिक फीवर १९४जे खाली १० टक्के कापत, आणि हे ज्ञान मी सरोजिनी नगरच्या बाजारात मोजे घेताना भेटलेल्या एका शेजाऱ्याकडून मिळवलं होतं. जानेवारीत कंपनीच्या हिशेबनीसानं चार फोन केल्यावर मी पॅन कळवला. फेब्रुवारीत फॉर्म १६ए आला. त्यात कापलेला कर: १६,०००.

मी चहा थंड होऊ दिला आणि लिहायला बसलो.

‘महोदय, आपण माझ्या बिलावर १० ऐवजी २० टक्के कर कापला आहे. सोबतचं प्रमाणपत्र चुकीचं असून, त्यात १६,००० ऐवजी ८,००० ही रक्कम दाखवून दुरुस्त प्रमाणपत्र तीन दिवसांत पाठवावं, अन्यथा मला पुढचं पाऊल उचलावं लागेल.’ पुढचं पाऊल म्हणजे नक्की काय, हे मलाही माहीत नव्हतं, पण वाक्य वाचून छाती दोन इंच फुगली. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पाठवण्याआधी एकदा बेरीज कर.’ मी पाठवून टाकला.

अर्ध्या तासात हिशेबनीसाचा फोन. आवाजात राग नव्हता, दया होती. ‘सर, आप करेक्शन चाहते हैं या नुकसान?’

मग त्यानं शाळेतल्या ढ मुलाला समजवावं तसं समजावलं. डिसेंबरात माझ्याकडून कापलेले १६,००० रुपये ७ जानेवारीपूर्वी सरकारात जमा झाले. तिमाहीचं विवरण, म्हणजे २६क्यू, भरताना माझा पॅन हाती होता, म्हणून ते सगळे १६,००० माझ्या २६एएसमध्ये दिसू लागले. प्रमाणपत्र हे कुणी टाइप केलेलं पत्र नसतं, ते ट्रेसेसवरून उतरवलेलं त्याच विवरणाचं प्रतिबिंब असतं. आता माझ्या मागणीप्रमाणे विवरण बदलून तिथे ८,००० केले असते, तर २६एएसमध्येही ८,०००च उरले असते. कापून घेतलेले १६,०००, श्रेय ८,००० चं. बाकीचे आठ हजार मी स्वतःच्या सहीनं, तीन दिवसांची मुदत देऊन, धमकीसकट घालवायला निघालो होतो.

‘दर चुकीचा वाटला तरी कागद खरा आहे,’ तो म्हणाला. कापलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळत नसेल, किंवा पैसे भलत्याच पॅनवर गेले असतील, तर दुरुस्ती मागायची; मग त्यांनी २६क्यूचं दुरुस्ती विवरण भरायचं आणि नवा १६ए उतरवून पाठवायचा. माझ्या बाबतीत जादा गेलेलं परत मिळवण्याची जागा कंपनी नव्हतीच. विवरणपत्र भरताना सगळे १६,००० दाखवायचे, वर्षाचा कर जेवढा निघेल तेवढा वजा जाऊन उरलेला परतावा बँकेत येतो. दर २० टक्के का लागला, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं मात्र.

मी २६एएस उघडून पाहिलं. सोळा हजार तिथे शांतपणे बसले होते.

दुसरा ईमेल लिहायला मला पहिल्यापेक्षा चौपट वेळ लागला, कारण ‘अन्यथा’ या शब्दाशिवाय पत्र कसं संपवतात तेच आठवेना. ‘आपलं प्रमाणपत्र बरोबर आहे, माझी मागणी चूक होती, ती रद्द समजावी, विवरणात कृपया काहीही बदलू नये,’ एवढंच शेवटी लिहिलं, ‘काहीही’ शब्द दोनदा ठळक केला, आणि मोठेपणा म्हणून सोबत पुढच्या कामाचं नवं बिल जोडलं, त्यावर पॅन वर, खाली आणि मधोमध असा तीन ठिकाणी.

दुपारी उत्तर आलं. ‘सर, धन्यवाद. पॅन मिळाला. बिलावर रक्कम लिहायची राहिली आहे.’