परक्या व्याजाचा धनी

आपल्या पाठीमागे लोक आपल्याविषयी काय बोलतात हे आपल्या कानी सहसा पडू नये, अशी जी एक दयाळू योजना संसारात पूर्वापार चालत आलेली आहे, तिला प्राप्तिकर खात्याने नोव्हेंबर 2021 मध्ये छेद दिला. त्या महिन्यापासून प्रत्येक करदात्यास संगणकाच्या पडद्यावर वार्षिक माहिती विवरणपत्र पाहावयास मिळू लागले. व्यवहारात त्यास सर्वजण ‘एआयएस’ म्हणतात. त्यात करदात्याने स्वतः लिहिलेले एक अक्षरही नसते. बँका, म्युच्युअल फंड, कंपन्या, दुय्यम निबंधक आणि वर्षभरात आपल्या पैशाच्या आसपास वावरलेली इतर जी जी मंडळी असतील, ती सारी आपल्या पॅनखाली खात्याकडे परस्पर जबानी देऊन मोकळी होतात, आणि 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 285BB अन्वये ती जबानी आपल्यासमोर ठेवण्याची प्रथा सुरू झाली. इतक्या लोकांचे आपल्याकडे इतके बारीक लक्ष असते, ही जाणीव माझ्यासारख्या दुर्लक्षित लेखकास प्रथमदर्शनी सुखावूनच गेली.

मी निवृत्तिवेतनावर जगणारा, काही मुदतठेवी बाळगून असलेला आणि आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची खजिनदारी निमूटपणे वाहणारा गृहस्थ आहे. माझी पुतणी एका सनदी लेखापालांच्या कचेरीत उमेदवारी करते, आणि घरात कोणाचेही विवरणपत्र तिच्या नजरेखालून गेल्यावाचून खात्याच्या दारी जात नाही. बँकांनी आपापली माहिती मेअखेरपर्यंत द्यावयाची असल्यामुळे त्याआधी एआयएस उघडणे म्हणजे अर्ध्या साक्षी नोंदल्यावर निकाल वाचण्यासारखे आहे, असा तिचा दंडक असल्याने आम्ही जून बराच सरल्यावर ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर दाखल झालो. तेथील एआयएसची कळ दाबताच दुसरी खिडकी उघडते आणि आपण अनुपालनाच्या निराळ्या दालनात जाऊन पडतो. विवरणपत्राची प्रत उतरवून घेतली तर तीस कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे आपलाच पॅन आणि त्यास जोडून जन्मतारखेचे आठ अंक. आयुष्यभर जो पॅन मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा आग्रह सर्व कचेऱ्यांनी धरला, तोच येथे लहान लिपीत लिहावा लागतो, हे ठाऊक नसलेले कितीतरी सज्जन स्वतःच्याच जन्मतारखेविषयी साशंक होऊन परतले असतील.

आर्थिक वर्ष 2024-25 चे पान उघडताच माझ्या काळजाचा ठोका चुकला. ज्या बँकेतील ठेवींवर मला 64,800 रुपये व्याज मिळाले होते, तिच्या नावापुढे ते एकदा कलम 194A खालील करकपातीच्या सदरात दिसत होते आणि पुन्हा SFT-016 या संकेताखाली, ठेवींवरील व्याज म्हणून, दुसऱ्यांदा विराजमान झाले होते. दुप्पट उत्पन्नाचा हा आरोप ताबडतोब फेटाळून लावावा, या हेतूने मी माउसकडे हात नेला तोच पुतणी म्हणाली, “काका, थांबा. आधी टीआयएस बघा.”

टीआयएस म्हणजे त्याच दालनातील करदात्याच्या माहितीचा गोषवारा. बँक एकच व्याज दोन निरनिराळ्या कायदेशीर कर्तव्यांपोटी दोनदा कळविते. कर कापला म्हणून एकदा आणि व्याज दिले म्हणून दुसऱ्यांदा. एआयएस ही मूळ जबान्यांची वही असल्याने तेथे दोन्ही नोंदी जशाच्या तशा राहतात, परंतु गोषवारा तयार करताना यंत्रणा त्यांतील जुळी भावंडे ओळखून एकास बाजूस बसविते. म्हणून हरकत घेण्यापूर्वी गोषवाऱ्यातील, यंत्रणेने प्रक्रिया करून काढलेला आकडा पाहावा आणि तो बँकेच्या व्याजदाखल्याशी ताडावा. तेथेही रक्कम दुप्पट असेल तरच ती नोंद पुनरुक्त असल्याचा अभिप्राय द्यावा. आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक विवरणपत्रातील प्रत्येक ओळीस, उत्तरपत्रिका तपासण्याच्या जुन्या सवयीने, लाल शेरा मारीत बसले होते, असे मागाहून कळले. त्यांचे अर्धे शेरे यंत्रणेने आधीच सोडविलेल्या गणितांवर होते.

माझ्या गोषवाऱ्यात ठेवींवरील व्याजाच्या सदरात 64,800 असावयास हवे होते, होते 1,03,550. जुळे तर एकच धरले गेले होते. मग हे वरचे 38,750 रुपये कोणाचे? ते सदर उलगडून पाहता दुसऱ्याच एका बँकेचे नाव पुढे आले, आणि खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे अंक पाहताच मला उमगले की, ही वाचनालयाची ठेव. वाचनालय ही नोंदणीकृत संस्था, तिला तिचा स्वतंत्र पॅन. परंतु वर्षापूर्वी बँकेने केवायसीची कागदपत्रे नव्याने मागितली तेव्हा संस्थेच्या पॅनसोबत सह्या करणारांचेही पॅन घेतले होते, आणि शाखेतील कोणा तत्पर कारकुनाने ठेवीच्या खात्यास संस्थेऐवजी खजिनदाराचा पॅन चिकटवून टाकला होता. ज्या संस्थेत वर्गणी थकविणाऱ्या सभासदांना आजवर मीच तगादे लावीत आलो, तिच्या व्याजावर आता मी कर भरावा अशी नियतीची योजना दिसत होती.

नोंदीच्या उजवीकडे अभिप्रायाचे एक लहान बटण असते आणि त्यावर Optional असे लिहिलेले असते. ते दाबले की पर्यायांची एक यादी उघडते. माहिती बरोबर आहे, पूर्णतः बरोबर नाही, ही दुसऱ्या पॅनची वा दुसऱ्या वर्षाची आहे, ही अन्य नोंदीत आधीच आलेली आहे, आणि माहिती साफ नाकबूल आहे, असे त्यांतील मुख्य प्रकार. माझे बोट स्वाभाविकपणे शेवटच्या, म्हणजे Information is denied या पर्यायाकडे वळले. कारण अन्याय झालेल्या मनुष्यास कानांवर हात ठेवण्याइतके समाधान दुसऱ्या कशानेही लाभत नाही.

“ते नको,” पुतणी म्हणाली. “नाकारणं म्हणजे असा व्यवहार मला माहीतच नाही, असं सांगणं. त्या ठेवीच्या पावतीवर सही कोणाची आहे?”

सही माझीच होती, आणि ती ठसठशीत होती. व्यवहार खरा, रक्कम खरी, बँकही खरी. खोटा होता तो फक्त धनी. अशा वेळी Information relates to other PAN/Year हा पर्याय निवडावयाचा, आणि रक्कम ज्याची असेल त्याचा पॅन व ती रक्कम तेथे नमूद करावयाची. बँकेचे नाव अनोळखी असेल, खाते कधी उघडलेच नसेल, तर नाकबुली रास्त ठरते. पण जे आपणांस माहीत आहे ते केवळ आपले नाही एवढ्यावरून अमान्य केले, तर उद्या बँकेने आपल्याच सहीचा कागद पुढे केल्यावर तोंड लपविण्यास जागा उरत नाही. रक्कम अंशतः आपली असेल, म्हणजे व्याज आपलेच परंतु आकडा चुकलेला असेल, तर ‘पूर्णतः बरोबर नाही’ म्हणून योग्य आकडा भरावा. तात्पर्य, या यादीत संताप व्यक्त करण्याची सोय कोठेही नाही. केवळ आकडा, पॅन आणि वर्ष यांपैकी काय चुकले, एवढेच शांत चित्ताने सांगावयाचे असते.

मी वाचनालयाचा पॅन भरला, 38,750 हा आकडा घातला आणि अभिप्राय रुजू केला. तत्काळ पोच मिळाली, आणि ती उतरवून घेऊन पुतणीने माझ्या फाइलीत लावली. गोषवाऱ्यात यंत्रणेच्या 1,03,550 शेजारी करदात्याने मान्य केलेला आकडा म्हणून 64,800 उमटले, आणि त्या आकड्याकडे मी काही काळ विजयी सेनापतीच्या नजरेने पाहत राहिलो. परंतु मूळ पानावर परतून पाहतो तो बँकेची नोंद जागच्या जागीच! तिचा कळविलेला आकडा 38,750 आणि शेजारी माझा सुधारित आकडा शून्य, असे दोघेही एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदत होते. सरकारने माझे म्हणणे लिहून घेतले होते. बँकेचे म्हणणे खोडलेले नव्हते. करदात्याचा अभिप्राय ही त्याची बाजू असते, निवाडा नव्हे.

खोडण्याचा अधिकार ज्याने लिहिले त्याचाच. खात्याने मे 2024 मध्ये एक नवी सोय केली, तिच्या योगाने आपला अभिप्राय माहिती देणाऱ्या संस्थेकडे पाठविला गेला की नाही, केव्हा गेला, तिने उत्तर केव्हा दिले आणि ते उत्तर काय, हे चारही मुद्दे त्याच पानावर वाचता येतात. संस्थेने चूक मान्य केली तर तिने सुधारित विवरण दाखल करावयाचे, तेव्हा कोठे मूळ नोंद बदलते. करकपातीची नोंद चुकली असेल तर तेथेही कर कापणाऱ्यानेच आपले विवरण दुरुस्त केले पाहिजे, आणि फॉर्म 26AS मधील करकपातीचा आकडा एआयएसहून निराळा दिसला तर 26AS प्रमाण मानावा. मी माझ्या विवरणपत्रात व्याज 64,800 च दाखविले. कारण त्यात खरे उत्पन्न लिहावयाचे असते, पडद्यावरचे नव्हे. याच न्यायाने, जे उत्पन्न झाले परंतु एआयएसमध्ये उतरलेच नाही, ते दाखविण्यातूनही सुटका नसते, ही गोष्ट पुतणीने मला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्या वेळी किंचित संशयाने.

राहिली बँक. शाखेतील साहेबांनी अत्यंत सौजन्याने मला बसविले, पडद्यावर खाते काढले आणि सांगितले, “सिस्टीममध्ये तुमचाच पॅन आहे.” तीच तर माझी तक्रार होती; परंतु त्यांनी ती तक्रारीचा पुरावा न मानता तिचे उत्तर मानले. अखेरीस, ठेव संस्थेची असून खजिनदाराची नाही, असा कार्यकारी मंडळाचा ठराव संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी आणून द्यावा, म्हणजे पॅन बदलून विवरणही सुधारता येईल, असे ठरले.

सभेत ठराव मी मांडू लागताच अध्यक्षांनी मला बाहेर जाण्याची विनंती केली, कारण विषय माझ्या आर्थिक हितसंबंधाचा होता. दाराआडून मला चर्चा स्पष्ट ऐकू येत होती. एक सभासद म्हणाले की, व्याज खजिनदारांचे नाही हे मान्य, परंतु ते त्यांच्या नावे जमा झालेच कसे, याची चौकशी झाल्याशिवाय आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावा. दुसऱ्यांनी विचारले की, वर्षभर व्याज त्यांच्या नावावर होते, तर त्यातून वाचनालयास एखादे कपाट का मिळाले नाही? शेवटी ठराव बहुमताने संमत झाला आणि विरोधकांच्या समाधानासाठी एक चौकशी समितीही नेमली गेली. संस्थेचे हिशेब दुसऱ्या कोणासच कळत नसल्यामुळे तिचा निमंत्रक म्हणून मलाच निवडण्यात आले. यथावकाश बँकेने चूक पूर्णतः मान्य केल्याची नोंद माझ्या पानावर उमटली. समितीपुढे मात्र मी अद्याप जबानी दिलेली नाही. निमंत्रक या नात्याने मी स्वतःस पाठविलेल्या पत्राचे उत्तर माझ्याकडून यावयाचे आहे.